विटाळाचा प्रश्न आणि मोक्षाचे तीन मार्ग

ज्ञान, कर्म आणि भक्ती हे मोक्षाचे तीन मार्ग असून ते तिन्ही अखेर एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या प्रकृतीस मानवेल तो धरावा, असे आपल्याकडे कीर्तनापासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. हे सांगणे खोटे आहे असे नाही. परंतु तीन रस्ते एकाच गावाला जातात एवढे सांगून कोणाला कोणत्या रस्त्यावर पाऊल टाकू देत असत हे सांगायचे राहून जाते. आणि ज्यांना रस्त्याच्या तोंडाशीच अडविले जात असे, त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच होते. आपल्या शास्त्रकारांनी ह्या प्रश्नाला 'अधिकार' असे नाव दिलेले आहे. संतवाङ्मयाची चर्चा करताना हा शब्द आपण सहसा टाळतो. ह्या लेखात त्याच्याच अनुरोधाने, आणि मुख्यतः मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरातील अभंगांच्या आधाराने, थोडा विचार करावयाचा आहे.

तीन मार्गांचा एकत्र व स्पष्ट उल्लेख भागवताच्या एकादश स्कंधात, विसाव्या अध्यायात आहे. तेथे श्रीकृष्ण उद्धवाला तीन योग सांगतो आणि लगेच प्रत्येकाचा अधिकारीही सांगतो. ज्याला कर्माचा वीट आला आहे त्याला ज्ञान, ज्याची वासना अद्याप सुटलेली नाही त्याला कर्म, आणि जो फारसा विरक्तही नाही व फारसा आसक्तही नाही, पण ज्याला भगवत्कथेची गोडी लागली आहे, त्याला भक्ती. ह्या ठिकाणी अधिकार मनाच्या अवस्थेवरून ठरविला आहे. जन्माचा त्यात संबंध नाही. एकनाथांनी १५७३ साली काशीस पुरी केलेली भागवतावरील टीका ह्याच स्कंधावर आहे, त्यामुळे मराठी वाचकास ही मांडणी परकी नाही.

परंतु मीमांसकांकडे वळले की अधिकाराचा अर्थ एकदम पालटतो. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार आहे की नाही, ह्याची चर्चा आहे. बादरी नावाच्या आचार्याचे मत असे की, ज्याला फळाची इच्छा आहे तो प्रत्येक जण यज्ञाचा अधिकारी होय. मत मोठे सरळ आहे, आणि सूत्रकाराने ते नोंदवून ठेविले ह्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. सिद्धान्त मात्र विरुद्ध जातो. त्याचे कारण असे की, अग्नीची स्थापना ब्राह्मणाने वसंतात, क्षत्रियाने ग्रीष्मात व वैश्याने शरदात करावी असे वेदवचन आहे. शूद्रासाठी कोणताच ऋतू सांगितलेला नाही. ऋतू नाही म्हणून अग्नी नाही, अग्नी नाही म्हणून यज्ञ नाही. ह्या युक्तिवादात द्वेषाचा एक शब्दही आढळत नाही. वर्षाच्या सहा ऋतूंपैकी एकही एका मोठ्या समाजाच्या वाट्याला आला नाही, एवढीच गोष्ट हिशेबनिसाच्या थंडपणाने तेथे नोंदलेली आहे.

ज्ञानमार्गाची कथा फारशी निराळी नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात की, उपनयन नाही म्हणून वेदाध्ययन नाही, आणि वेदाध्ययन नाही म्हणून वेदद्वारा ब्रह्मविद्या नाही. विदुर आणि धर्मव्याध ह्यांना ज्ञान झाले ही गोष्ट त्यांना नाकारता येत नाही. ते पूर्वजन्मीच्या संस्कारांचे फळ होय असे ते मानतात, आणि इतिहासपुराणांच्या श्रवणाने चारही वर्णांना ज्ञान मिळू शकते अशी वाट मोकळी ठेवतात. म्हणजे आत्मा सर्वांच्या ठायी एक आहे असे प्रतिपादन करणाऱ्या दर्शनातही ते प्रतिपादन मूळ ग्रंथातून ऐकण्याची सोय सर्वांना नव्हती. हा विरोध आचार्यांच्या लक्षात आला नसेल असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान करण्यासारखे आहे. तो लक्षात येऊनही सोडविता आला नाही, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

ह्या पार्श्वभूमीवर ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या उत्तरार्धातील एक कल्पना वाचावी. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सांगितलेल्या ह्या ग्रंथात ज्ञानेश्वर वेदाविषयी असे म्हणतात की, तो स्वतः मोठा संपन्न आहे खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही. कारण तो तीन वर्णांच्याच कानाला लागला. स्त्रीशूद्रादिकांना त्याने दारातच ठेविले. पुढे हा दोष आपल्याच लक्षात आल्यामुळे वेदाने गीतेचे रूप घेतले आणि तो सर्वांना सेव्य झाला. वेदाला कृपण म्हणणारा हा ग्रंथकार वेदनिंदक मुळीच नव्हता. सावकाराच्या पेटीत धन किती आहे ह्याविषयी त्याचा वाद नाही. त्याची तक्रार पेटीच्या कुलपाविषयी आहे. जैमिनीचा ऋतूंचा हिशेब आणि आचार्यांचा उपनयनाचा हिशेब ही दोन्ही उत्तरे ज्ञानेश्वरांनी खोडीत न बसता एका उत्प्रेक्षेने बाजूला सारली.

तरीही येथे थोडे थांबले पाहिजे. नवव्या अध्यायात, भक्तीने कोणीही परम गतीस जातो असे गीता सांगते त्या स्थळी, ज्ञानेश्वर दोन दृष्टान्त देतात. ओढे आणि नाले गंगेस मिळेपर्यंतच ओढे आणि नाले असतात; खैर आणि चंदन हा भेद लाकडे अग्नीत पडेपर्यंतच राहतो. त्याचप्रमाणे क्षत्रिय, वैश्य, स्त्रिया, शूद्र आणि अंत्यज हे भेद ईश्वराप्रत पोचेपर्यंतच आहेत. मूळ श्लोकात अंत्यजाचे नाव नाही. ते ज्ञानेश्वरांनी घातले, आणि त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. परंतु दृष्टान्ताचा अर्थ काटेकोरपणे घेतला तर समता आहे ती प्रवासाच्या शेवटी. गंगा येईपर्यंतच्या सगळ्या वाटेत ओढा हा ओढाच राहतो, आणि माणसाचे आयुष्य त्या वाटेवरच जाते. अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी सर्वात्मक ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे, तेथेही हीच अडचण उभी राहते. सावता माळ्याच्या हातून आपल्या मळ्यातच विठ्ठलाची पूजा घडली ह्यात मोठे सौंदर्य आहे. परंतु गावातील मेलेली गुरे ओढून नेणे हे ज्याचे जन्मप्राप्त काम ठरविले गेले, त्यालाही तेच काम ईश्वराला वाहावयाचे फूल म्हणून दाखविले तर त्याचे समाधान व्हावे की संताप यावा? कर्मयोगाचे आपले प्रसिद्ध विवेचक हा प्रश्न क्वचितच विचारतात. लोकमान्यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माचे महत्त्व असामान्य विद्वत्तेने सिद्ध केले आहे. परंतु स्वधर्म म्हणून वाट्याला आलेले कर्मच अन्यायाचे असेल तर काय, ह्या बाजूने तो ग्रंथ फारसा जात नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास ज्ञानेश्वरांपेक्षा अधिक अधिकारी साक्षीदार आपल्या भाषेतच आहेत. चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा अशा एका महार कुटुंबातील पाच जणांचे अभंग आपल्याला उपलब्ध आहेत. चोदाव्या शतकातील अशी घटना जगाच्या वाङ्मयात फारशी आढळणार नाही. हे अभंग दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आले आणि गाथांतून कर्तृत्वाची अदलाबदल होते, हे लक्षात ठेवले पाहिजे; म्हणून अमुक ओळ चोखोबांची की सोयराबाईंची, ह्या वादात न पडता मी 'चोखोबांचे घर' असाच उल्लेख करतो. ह्या घराचे अभंग करुणरसाचे म्हणून वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. बापुड्या भक्ताने देवाच्या दाराशी काढलेले उमाळे, एवढ्यावरच आपली रसिकता संतुष्ट होते. मला मात्र त्यांपैकी विटाळावरचे अभंग वाचताना प्रत्येक वेळी एखादा कसलेला नैयायिक वाद करीत आहे असा भास होतो.

त्या वादाची पायरी पायरी पाहण्यासारखी आहे. विटाळ मानणाराचे म्हणणे काय? तर प्रसूती, ऋतुस्राव आणि मृत्यू ह्यांच्या स्पर्शाने अशौच येते. चोखोबांचे घर हे म्हणणे प्रथम मान्य करते. मग ते विचारते की, असा एक तरी देह दाखवा की जो ह्या विटाळावाचून निर्माण झाला. ज्या गोष्टीला तुम्ही विटाळ म्हणता तीच उत्पत्तीचे स्थान आहे. म्हणून विटाळ असेल तर तो सर्व देहांत सारखाच आहे. आणि आत्म्याविषयी म्हणाल, तर तो नित्य शुद्ध आहे असे तुमचाच वेदान्त सांगतो. मग सोवळा कोण राहिला? देहाकडून पाहिले तर कोणीच सोवळा नाही, आत्म्याकडून पाहिले तर कोणीच ओवळा नाही. आणि ह्या दोहोंवाचून तिसरी अशी वस्तू माणसात नाही की जिच्यावर सोवळ्याओवळ्याची पायरी बसविता येईल.

ह्या युक्तिवादाचे स्वरूप नीट पाहिले तर तीन मार्गांची आपली नीटनेटकी वाटणी कोलमडते. सांगणारे भक्त आहेत, सांगण्याचे साधन अभंग आहे, परंतु युक्तिवाद मात्र शुद्ध ज्ञानमार्गाचा आहे. देह आणि आत्मा ह्यांचा विवेक हेच त्याचे हत्यार. ज्या उपनिषदांचे दार ह्या घराला बंद होते, त्यांतील सिद्धान्त कीर्तनाच्या आणि नामदेवांच्या संगतीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोचला, आणि पोचताच त्यांनी तो दार बंद करणाऱ्यांवरच चालविला. भक्तिमार्ग म्हणजे अज्ञ जनांकरिता काढलेली सोपी वाट, ही समजूत पंडितांची आहे. ह्या अभंगांचा तिला आधार नाही.

आचार्यांच्या नावावर असलेल्या मनीषापंचकाची कथा येथे आठवते. काशीच्या रस्त्यात समोर आलेल्या चांडाळाला बाजूला हो म्हणताच तो विचारतो, कोणी बाजूला व्हावे, देहाने की आत्म्याने? प्रश्न तोच आहे. परंतु कथेत तो चांडाळ म्हणजे प्रत्यक्ष शिव होता असे ठरते, आचार्य ज्ञानी चांडाळाला गुरू मानतात, आणि काशीचा रस्ता होता तसाच राहतो. प्रश्न विचारणारा देव निघाला की चांडाळाचा प्रश्न मिटल्यासारखा होतो. मंगळवेढ्याच्या घरात वेष पालटलेला देव नव्हता. प्रश्न विचारून झाल्यावर त्या मंडळींना पुन्हा गावकुसाबाहेरच जावयाचे होते.

आता ह्याच घराची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आपण त्यांना आपल्या सोयीचे सुधारक बनवून मोकळे होऊ. चोखोबांच्या नावावर असा एक अभंग आहे की ज्यात ते आपला महार जन्म हा पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ मानतात. जोहाराच्या रचनांत ते विठ्ठलाच्या दरबारातील महार म्हणून उभे राहतात आणि संतांच्या उष्ट्याची आशा करतात. देहाचा विटाळ तर्काने खोडणारा मनुष्य जन्माचा विटाळ मात्र कर्मविपाकाच्या नावाने मान्य करतो, ही विसंगती लपविण्यात अर्थ नाही. 'कर्म' हा एकच शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो, ह्यात तिचे मूळ आहे असे मला वाटते. यज्ञयागादी विधी हे कर्म, वर्णाप्रमाणे वाट्याला आलेला धंदा हे कर्म, आणि मागील जन्मांचे साठलेले फळ हेही कर्मच. पहिल्या कर्माला भक्तीने निरर्थक ठरविले. नामापुढे विधीची मातब्बरी राहिली नाही. दुसऱ्या कर्माला तिने पूजेचे वस्त्र नेसविले. तिसऱ्यापाशी मात्र तिचे पाऊल अडखळले. उच्चनीच भावाची खरी मुळे ह्या तिसऱ्यातच होती, कारण विधी मोडता येतो आणि धंदा बदलता येतो, पण ज्या अपराधाची स्वतःलाही आठवण नाही त्याची शिक्षा कशी नाकारावयाची?

ती नाकारण्याचे धैर्य पुढल्या पिढीत दिसते. कर्ममेळ्याच्या नावातच कर्म आहे, हा योगायोग असेल. पण तो बापासारखी पूर्वजन्मीची कबुली देत बसत नाही. आम्हाला हीन जातीत घातलेस ते तूच, हे तुला कळत कसे नाही, आमचा जन्म उष्टे खाण्यात गेला तरी तुला लाज कशी वाटत नाही, असे तो विठ्ठलाला रोखठोक विचारतो. येथे दोषाचे ओझे जीवाच्या डोक्यावरून उचलून देवाच्या दारात टाकलेले आहे. हा भक्तीचा ऱ्हास आहे, असे म्हणणारा एक सनातनी गृहस्थ मला एकदा भेटला होता. मला तर वाटते, देवाशी एवढ्या निकराने भांडण्याइतका जवळपणा ज्ञानमार्गात किंवा कर्ममार्गात संभवतच नाही. निर्गुण ब्रह्माला कोणी लाज विचारीत नाही. भक्तीने देव आणि माणूस ह्यांच्यात जे घरगुती नाते उत्पन्न केले, त्यातूनच ही तक्रार शक्य झाली. बापाच्या अभंगांपेक्षा मुलाचे अभंग संख्येने फार थोडे आहेत व आपल्या संग्रहांतून ते क्वचितच घेतले जातात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. ती तुलना आमच्या पिढीला परीक्षेपुरती पाठ होती. तिच्यात तथ्य आहेच. देशी भाषेला आलेली प्रतिष्ठा आणि पुरोहिताच्या मध्यस्थीचा उतरलेला भाव ह्या गोष्टी दोन्हीकडे दिसतात. परंतु युरोपात चर्चची सत्ता आणि मालमत्ता ह्यांवरच घाव पडला, तसा आपल्याकडे पडला नाही. पंढरीच्या देवळातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने रद्द केले, आणि त्यावरील वाद २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. इतकी शतके दिंड्या येत राहिल्या आणि आतली व्यवस्था जशीच्या तशी राहिली, ही गोष्ट तुलना करणाऱ्याने नजरेआड करू नये.

डॉ. आंबेडकरांनी ती नजरेआड केली नाही. जातिनिर्मूलनावरील १९३६च्या आपल्या निबंधावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना त्यांनी स्पष्ट लिहिले की, देवाच्या दृष्टीने सर्व माणसे समान आहेत असे संतांनी शिकविले, माणसामाणसांत समता आहे असे नव्हे. आणि म्हणून चातुर्वर्ण्याला त्यांच्या शिकवणुकीचा धक्का बसला नाही. ज्ञानेश्वरीतील गंगेचा दृष्टान्त डोळ्यांपुढे ठेवला तर हा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. परिणामांकडे पाहिले तरी तो खोडून काढता येत नाही. माझा मतभेद एवढाच की, चोखोबांच्या घरातील विटाळाचे अभंग ह्या आक्षेपाच्या कक्षेत पुरते बसत नाहीत. त्यांत देवाच्या दृष्टीचा प्रश्न नाही. एका माणसाचे शरीर दुसऱ्या माणसाच्या शरीराहून अपवित्र आहे काय, असा माणसामाणसांतलाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तर्काने नकारार्थी दिलेले आहे. ते उत्तर समाजाने ऐकले नाही, हा दोष उत्तराचा नाही. ह्याच आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मूळाविषयी लिहिलेला आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे टीकाकाराने विसरू नये.

चोखोबांच्या शेवटाची हकीकत परंपरा अशी सांगते. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते आणि त्यासाठी महारांना कामाला लाविले होते. कूस कोसळले आणि त्याखाली सापडून चोखोबा व इतर मजूर मरण पावले. जन्माने वाट्याला आलेले कर्म त्यांना शेवटपर्यंत सुटले नाही. ज्या भिंतीच्या आत राहण्याची त्यांना मुभा नव्हती, तीच भिंत उभारताना ते गेले. पुढे नामदेव तेथे गेले, आणि ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनी पंढरपुरास आणिल्या. महाद्वाराच्या समोर, नामदेवाच्या पायरीजवळ, त्यांची समाधी बांधली. ती देवळाच्या बाहेर आहे. चोखोबांच्या जातभाईंना ती समाधी ओलांडून आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण करावे लागले, तेव्हा त्या अस्थी तेथे ठेवल्याला सहाशे नऊ वर्षे झाली होती.